कवळ्यांची तातडी

आमच्या घरी दात बनतात. दवाखान्यातून डॉक्टर तोंडाचं माप घेऊन पाठवतात, आम्ही त्यावरून कवळ्या करून देतो. ह्यांनी ही लॅब सुरू केली तेव्हा मी फक्त प्लास्टर कालवायची. पुढे हे गेले, मुलगा जहाजावर लागला आणि लॅब सूनबाईने उचलली. माझ्यापेक्षा तिचा हात चांगला. मी हे तिच्यासमोर कधी बोलत नाही, डोक्यावर बसेल.

पण तोच हात दगा देऊ लागला. उजव्या हाताची बोटं बधिर व्हायची. मेणात दात बसवताना चिमटीतून दात निसटायचा आणि ती टेबलाखाली शोधत बसायची. डॉक्टरांनी सांगितलं, मनगटातली नस दबली आहे, छोटं ऑपरेशन करावं लागेल आणि त्यानंतर टाके निघेपर्यंत दोन आठवडे मशीनला हात लावायचा नाही. तारीख ठरली. आदल्या दिवशी एका दवाखान्यातून घाईचं काम आलं आणि बाईने तारीख पुढे ढकलली. आता डॉक्टर म्हणाले, "आणखी ढकलाल तर बोटांतली जाण परत येईलच असं मी सांगू शकत नाही."

जाण गेली तर या धंद्यात उरतं काय? डोळ्यांपेक्षा आमची बोटंच जास्त पाहतात.

त्या संध्याकाळी ती मोबाइलवर गिऱ्हाइकांसाठी निरोप लिहायला बसली. आमची गिऱ्हाइकं म्हणजे डॉक्टरच. लिहून झाल्यावर तिने वाचून दाखवलं.

"नमस्कार डॉक्टर. माझ्या हाताचं ऑपरेशन असल्यामुळे सोमवारपासून दोन आठवडे लॅब बंद राहील. हातातली कामं शनिवारपर्यंत पोचवते. नवीन मापं कृपया लॅब उघडेपर्यंत घेऊ नयेत. तुटलेली कवळी किंवा निखळलेला दात असं तातडीचं काम असेल तर खालच्या नंबरवर पाठवावं. त्यांना पूर्ण कल्पना दिली आहे. अगदीच अडलं तर मला फोन करावा."

"खालचा नंबर कुणाचा?" मी विचारलं.

"चिमटीमावशींचा."

"तिला कल्पना दिलीस?"

"तुम्ही द्याल ना."

वा! लग्न ठरलं, नवरदेवाला विचारायचं तेवढं राहिलं.

चिमटी म्हणजे माझी जुनी सोबतीण. एका मोठ्या लॅबमध्ये आम्ही एकाच बाकावर काम करायचो. तिथल्या खिडकीतून दुपारचं ऊन पडायचं आणि ओळीने वाळत ठेवलेले प्लास्टरचे साचे हसल्यासारखे दिसायचे. ती सगळं काम चिमट्याने करायची, अगदी डब्यातली वाटाण्याची शेंगसुद्धा चिमट्याने उघडायची, म्हणून चिमटी; मी प्लास्टर कालवायची, म्हणून मी प्लास्टर. आम्ही लॅब काढली आणि लगेच तिनेही काढली. निम्मे दवाखाने इकडे, निम्मे तिकडे. भांडण असं झालं नाही, पण बोलणं आटलं. आणि आता आपले डॉक्टर आपण होऊन तिच्या दारात नेऊन सोडायचे!

"तिने गिऱ्हाइकं ठेवून घेतली तर?" मी म्हटलं.

"ठेवून घेऊ देत," सूनबाई म्हणाली. "हात राहिला तर नवी मिळवीन."

मी चिमटीला फोन लावला.

"कोण? प्लास्टर?" तिने आवाज ओळखला. "जिवंत आहेस होय!"

"आहे. दातही माझेच आहेत."

"खोटारडी. बोल, काय अडलंय?"

मी सांगितलं. ती म्हणाली, "दुरुस्त्या करीन. नवीन कामाला हात लावणार नाही, आलं तर परत पाठवीन. पण निरोपातून ते 'अगदीच अडलं तर' काढून टाक आधी. प्रत्येक डॉक्टरला वाटतं की आपलंच अगदी अडलंय."

फोन स्पीकरवर होता, सूनबाई ऐकतच होती. तिने तोंड वाकडं केलं, "सासूला सासू भेटली," असं पुटपुटली आणि ते वाक्य खोडलं. निरोप गेला. सगळ्यांकडून हात जोडलेली चित्रं आली, 'लवकर बऱ्या व्हा' आलं. सोमवारी ऑपरेशनही पार पडलं. आम्ही गंगेत घोडं न्हालं म्हणून बसलो.

बुधवारी दारात डबा आला.

दवाखान्यातली सामान पोचवणारी माणसं रोज येतात तशी आली, डबा ठेवून गेली. आत वरची कवळी, मधोमध दोन तुकडे. सोबत चिठ्ठी, 'पेशंटच्या मुलीचं उद्या लग्न. आजच द्या.'

"पण डॉक्टरांनी तर निरोप वाचला होता!" मी म्हटलं.

सूनबाई कपाळावर डावा हात मारून घेत म्हणाली, "आई, निरोप डॉक्टरांनी वाचला. डबा कोण भरतं? काउंटरवरच्या बाया. त्यांना कुणी सांगितलंच नाही!"

इतकी वर्षं आम्ही त्या बायांशीच बोलतो. डबा मिळाला का, पेशंट कधी येणार, रंग कुठला, सगळं त्यांच्याकडून. आणि निरोप मात्र मानाने डॉक्टरांना पाठवला.

मी फोनकडे वळले तेवढ्यात ती बाकावर जाऊन बसलेली. पट्टी बांधलेल्या हातात एक तुकडा, डाव्यात दुसरा.

"ठेव ते."

"नुसते जुळवून मेणाने चिकटवते. मशीन लावत नाही."

"आणि मग आतून प्लास्टर कोण ओतणार? फट कोण घासणार? घासायला मशीनच लागतं ना? ठेव म्हणते ना!"

"बापाला मुलीच्या लग्नात बोळक्या तोंडाने उभं करायचं का?"

"तुला जन्मभर बधिर बोटांनी बसायचंय का?"

तिचे डोळे भरले. तुकडे मात्र तिने डब्यात ठेवले.

मी चिमटीला फोन केला. डबा कुणाबरोबर पाठवू विचारतेय तोवर तिने फोन ठेवून दिला. अर्ध्या तासात स्वतःच दारात, धापा टाकत.

"जिने किती गं तुझ्याकडे! दाखव." तिने तुकडे उजेडात धरून जुळवले. "सरळ तुटलीय, कडा शाबूत आहेत. संध्याकाळपर्यंत दवाखान्यात पोचेल." मग सूनबाईकडे वळली. "बोटं हलव. हं. आता मी कुठल्या बोटाला हात लावलाय, डोळे मिटून सांग."

"मधल्या."

"कळतंय ना? मग हाताला जप. कवळी पुन्हा करता येते गं बाई."

ती गेल्यावर आम्ही दोघींनी एकेका दवाखान्यात फोन लावला आणि काउंटरवरच्या बायांना समजावून सांगितलं. एक म्हणाली, "अगंबाई, ऑपरेशन? आम्हाला कुणी बोललंच नाही!" दुसरीने सूप पाठवू का म्हणून विचारलं. त्यानंतर आमच्या दारात एकही डबा आला नाही.

टाके निघाल्यावर सूनबाईने हलक्या कामापासून सुरुवात केली. मेणात दात बसवले, एकही खाली पडला नाही. डॉक्टर परत आले. एक मात्र गेले, घाईचे होते, त्यांना तिसरीच लॅब सापडली. चिमटीने एकालाही ठेवून घेतलं नव्हतं. मी आभार मानायला फोन केला तर तिने मला बोलूच दिलं नाही.

"ते राहू दे. तो निरोप मला पाठव. किती वर्षं बहिणीकडे जायचं म्हणतेय. पुढच्या महिन्यात दोन आठवडे जाते. तातडीचं तुमच्याकडे. सून करेल ना?"

मी सूनबाईकडे पाहिलं. तिने मान डोलावली आणि माझ्या हातातून फोन घेतला.

"मावशी, करते. पण निरोप आधी काउंटरवर पाठवा हं, डॉक्टरांना नंतर."