तळावरचं नाव

गुन्वोरने पेला पातळ फुगवला, तेव्हाच मला कळलं की ही बाई पास होणार.

आमच्या स्वीडनच्या जंगलातल्या काचेच्या कारखान्यात भट्टीपुढची खुर्ची, म्हणजे काच फुगवणाऱ्या कारागिराची जागा, मिळवायला एकच परीक्षा. आपण केलेला पेला जानेवारीच्या गारठ्यात रात्रभर खिडकीबाहेर ठेवायचा. सकाळी उस्ताद टोर्केल त्यात उकळतं पाणी ओततो. नवशिके जाड पेला करतात आणि तोंडघशी पडतात. जाड काचेची आतली बाजू तापून फुगते, बाहेरची गारच राहते आणि ताणली जाते. काच दाब कितीही सोसते, ताण नाही. पातळ काचेत ऊब लगेच बाहेर पोचते.

गुन्वोर अकरा वर्षं पेले कागदात गुंडाळत होती. जेवणाच्या सुटीत उपाशी राहून फुंकणीने काच फुगवायला शिकली. टोर्केल तिला हसायचा. तीच खुर्ची माझ्या मुलाला, आर्विदलाही हवी होती आणि तो दोनदा नापास झाला होता. मी नावं कोरणारा. पेल्याच्या तळाला हिऱ्याच्या टोकाने कारागिराचं नाव घालणं हे माझं काम, तेही परीक्षा झाल्यावर.

त्या दिवशी टोर्केलने बर्फासारखा गार पेला हातात घेऊन उलटा केला.

"नाव कुठंय, बाई? कुणाचा म्हणून ओतू पाणी?"

"नाव नंतर घालतात ना, उस्ताद?"

"पास होण्याची खात्री आहे ना? मग आधीच घाल. तुझ्या हाताने."

ती लाजली. एवढा मान तिला कुणी दिला नव्हता. तिने माझ्याकडे हिरा मागितला आणि हळूच विचारलं, "एलोफदादा, बाहेरूनच कोरायचं ना?"

मी होकारार्थी मान हलवली. ओरखडा आतून असता तर दाबाने मिटला असता. बाहेरचा ताणाने उघडतो. हे टोर्केलला ठाऊक होतं, मलाही होतं. एक शब्द बोललो असतो तर पुरे होतं.

तिने जीव ओतून नाव कोरलं. टोर्केलने किटली वाकवली. टक् आवाज झाला, तळ निखळला आणि पाणी तिच्या बुटांवर सांडलं. तिने तुकडे जुळवून पाहिले. तडा तिच्या नावाच्या पहिल्या अक्षरापासून निघाला होता.

"भट्टीला दोष देऊ नकोस हं," टोर्केल म्हणाला, "तुझ्याच नावाने फुटलाय."

सगळे हसले. मीही हसलो, याची मला आजही लाज वाटते.

पुढच्या जानेवारीत आर्विद तिसऱ्यांदा परीक्षेला बसला. तळ कोरा ठेवूनच पास झाला. आता त्याच्या पेल्यांवर नाव मी कोरतो आणि ते गुंडाळायला गुन्वोरकडे जातात. ती प्रत्येक पेला उलटा करते, तळावरचं नाव वाचते, मग माझ्याकडे बघते आणि कागद घेते.