हळूबाईच्या घड्या

ट्रेनिंग कॉलेजातल्या सरांनी निबंधाचा विषय फळ्यावर लिहिला आणि खडूची धूळ झटकत म्हणाले, "वर्तनवाद आणि ज्ञानरचनावाद : रोजच्या वर्गातली उदाहरणं. पुस्तकातली नकोत. ज्या शाळेत तुमचे सरावपाठ आहेत, तिथल्या वर्गात डोळे उघडे ठेवून बसा. वीस गुण."

तेव्हा निबंध हातानं लिहायचे, ताव मोजून आणायचे आणि समास पट्टीनं आखायचा. सगळ्यांत मागच्या बाकावर बसणाऱ्या मुलीनं त्याच दिवशी समास आखून ठेवले. तिला चौथीचा 'अ' वर्ग मिळाला होता. तिथली मुलं तिला छोट्या बाई म्हणत, कारण मोठ्या बाई आधीच होत्या.

मोठ्या बाई म्हणजे सव्वीस वर्षं एकाच वर्गात मुरलेलं माणूस. वर्गात बावन्न मुलं, पण बाईंनी टेबलावरची घंटी एकदा वाजवली की पंख्याची कुरकूर ऐकू येई. भिंतीवर प्रत्येकाच्या नावाचा कागद आणि त्यावर चमकीचे तारे. बरोबर उत्तर आलं की लगेच तारा. "लगेच" हा शब्द बाईंचा. "अगं, उद्या दिलेला तारा म्हणजे शिळी शाबासकी. पोराला कळतच नाही कशाबद्दल मिळाली." पाढा न अडखळता म्हटला की त्या दिवशीचं दहा वेळा लिहायचं काम माफ.

छोट्या बाईंनी वहीत लिहिलं : 'पाढा चुकल्यास बाकावर उभं करणे, हे ऋण प्रबलन.' सरांनी वही तपासताना त्यावर लाल रेघ मारली. "ही शिक्षा झाली. शिक्षेनं वर्तन कमी होतं, प्रबलनानं वाढतं, मग ते धन असो की ऋण. नकोशी गोष्ट काढून घेतल्यानं जे वर्तन वाढतं, ते ऋण प्रबलन. तुमच्या बाई लिहिण्याचं काम माफ करतात ना? ते. ऋण म्हणजे वाईट नव्हे, बाईसाहेब, ऋण म्हणजे वजा." वर्ग हसला. तीही हसली, पण कान तापले.

एकूण तारे, म्हणजे वर्तनवाद, तिला आवडले नाहीत. तिच्या मनानं ज्ञानरचनावादाची बाजू आधीच घेतली होती. मूल कोरी पाटी नसतं. आधीच्या कल्पना घेऊन येतं, त्यांना धक्का बसला की नवं रचतं, असं वाचलं तेव्हाच ते तिला पटलं होतं. आता फक्त उदाहरण हवं होतं.

उदाहरण तिसऱ्या रांगेत बसलं होतं. त्या मुलीला सगळी हळूबाई म्हणत. डबा हळू, चपला हळू, उत्तर तर त्याहून हळू. तिच्या कागदावर दोनच तारे होते, आणि त्यातला एक फळा पुसल्याबद्दलचा.

"एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश?" छोट्या बाईंनी तिला मधल्या सुट्टीत विचारलं.

"एक चतुर्थांश."

"का गं?"

"चार मोठे ना तीनापेक्षा."

चूक, असं त्या म्हणाल्या नाहीत. घरच्या जुन्या कॅलेंडरच्या सारख्या लांबीच्या दोन पट्ट्या पुढे ठेवल्या. "हिच्या तीन सारख्या घड्या कर. हिच्या चार."

चाराच्या पटकन झाल्या. तीनाच्या करताना तिनं जीभ बाहेर काढली, दोनदा उलगडलं, तिसऱ्यांदा जमलं. मग एक तुकडा दुसऱ्यावर ठेवला आणि बघतच राहिली. घंटा झाली तरी उठेना.

"जितके जास्त वाटे, तितका वाटा लहान," ती अखेर म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "शंभर केले तर काहीच उरणार नाही."

"खरंच?"

"उरेल. पण चिमटीत येणार नाही."

छोट्या बाईंना वाटलं, आपला निबंध आपल्यापुढे दप्तर घेऊन बसलाय. घरी जाऊन आईला सांगितलं. आई शिलाईचं मशीन न थांबवता म्हणाली, "पोरगी हुशार आहे की तू?"

त्याच आठवड्यात मोठ्या बाईंनी वर्गाला नियम पाठ करून दिला : वर एक असेल, तर खाली मोठा आकडा म्हणजे अपूर्णांक लहान. बावन्न तोंडं, वीस वेळा. दुसऱ्या दिवशी सगळ्यांची उत्तरं बरोबर आली आणि चमकीचे तारे संपले. छोट्या बाईंनी गंमत म्हणून फळ्यावर दोन तृतीयांश आणि तीन चतुर्थांश लिहिलं. "मोठा कुठला?"

"दोन तृतीयांश," वर्ग गरजला. खालचा आकडा लहान, झालं. 'वर एक असेल तर' एवढा तुकडा कधीच गळून पडला होता. हळूबाई मात्र बाकाखाली घड्या करत होती. वर्ग शांत झाल्यावर म्हणाली, "तीन चतुर्थांश. इथं पूर्ण व्हायला कमी उरतं." मागून कोणीतरी म्हणालं, "हळूबाई अजून कालचंच करतेय." सगळे हसले. छोट्या बाईंनी मात्र हळूबाईचं ते वाक्य वहीत जसंच्या तसं उतरवलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

तुकडीचाचणीची तारीख लागली, पुढचा शुक्रवार. दर वर्षी चौथीत ती व्हायची. वीस प्रश्न तोंडी, उत्तर कागदावर, बारा बरोबर हवीत. त्याखालची मुलं 'ब' तुकडीत, म्हणजे दुपारच्या शाळेत. तिथं पत्र्याखाली सत्तर मुलं आणि एक शिक्षक. दुपारी तिथं शिकवत नाहीत, बसवतात, असं सगळी शाळा म्हणे.

सोमवारी शिक्षकखोलीत मोठ्या बाई आपण होऊन म्हणाल्या, "तुझी ती हळूबाई. तिला समजलंय, मी बघितलं. पण हात चालत नाही तिचा. रोज दहा मिनिटं माझ्याकडे पाठव. अपूर्णांकांचे पत्ते दाखवते, उत्तर आलं की तारा, आधी सावकाश मग भराभर. चार दिवसांत सुटेल."

छोट्या बाईंना आपली वही आठवली. निबंधाची आठ पानं झाली होती. त्यात एकही तारा न देता शिकलेली एक मुलगी होती.

"नको बाई," त्या म्हणाल्या. "तिला ताऱ्यांची सवय नको लागायला. माझा अभ्यास तिच्यावर आहे."

मोठ्या बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "अभ्यास तुझा आणि चाचणी तिची. बघ बाई."

एवढंच. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही, आणि ते चार दिवस छोट्या बाई मधल्या सुट्टीत हळूबाईला म्हणत राहिल्या, "घाई करू नकोस. आधी घडी, मग उत्तर."

शुक्रवारी मोठ्या बाईंनी पट्टी छोट्या बाईंच्या हातात दिली. "मी प्रश्न वाचते. तू टेबलावर पाच ठोके मार. पाचव्याला पेन्सिल खाली."

पहिला प्रश्न. एक पंचमांश की एक सप्तमांश? ठक, ठक. एकावन्न पेन्सिली खाली वाकल्या आणि वर आल्या. हळूबाईनं उत्तरपत्रिकेची कड फाडली. दोन पट्ट्या केल्या. पाच घड्या घालायला लागली.

घडीची गरज तिला आता नव्हती, हे छोट्या बाईंना तिथं, पट्टी हातात असताना कळलं. जितके जास्त वाटे तितका वाटा लहान, हे ती तीन आठवड्यांपूर्वी स्वतःच बोलली होती. घडी हा आधार होता. तो हळूहळू काढून घ्यायचा असतो. आपण तो काढला तर नाहीच, उलट रोज नवीन दोऱ्यांनी आवळून बांधला. सरांनी हेच सांगितलं होतं, आणि वहीत सुवाच्य अक्षरात होतंही.

चौथ्या प्रश्नाला हळूबाईचं पहिलं उत्तर लिहून झालं. छोट्या बाईंचे ठोके लांबायला लागले. ठक. आणि मग बराच वेळ काही नाही.

"एका लयीत, बाई," मोठ्या बाई म्हणाल्या.

सातव्या प्रश्नाला ते पुन्हा लांबले. मोठ्या बाईंनी न रागावता हात पुढे केला, पट्टी घेतली आणि स्वतः ठोके मारू लागल्या. छोट्या बाई फळ्याला टेकून उभ्या राहिल्या. हातांचं काय करावं कळेना. उत्तरपत्रिका दर दोन प्रश्नांनी अरुंद होत होती.

वीसपैकी सहा. सहाच्या सहा बरोबर.

"याद्या वर गेल्या," मोठ्या बाई संध्याकाळी म्हणाल्या. त्यांचा आवाज थकलेला होता. "मी मुख्याध्यापकांशी बोलले. ते म्हणाले, सहाला बारा कसं म्हणू. खरंच आहे. आणि माझ्या एकावन्नांतल्या निम्म्यांना तुझं ते तीन चतुर्थांश अजून येत नाही, तेही मला ठाऊक आहे. त्याची चाचणी कोणी घेत नाही, म्हणून पास झालीत."

"मी तुम्हाला नको म्हणाले होते."

"हो."

छोट्या बाईंना वाटलं होतं, त्या निदान 'असू दे' म्हणतील. त्या म्हणाल्या नाहीत. पेल्यातला गार चहा संपवला आणि पिशवी उचलली.

निबंधाचा शेवट छोट्या बाईंनी दोनदा लिहिला. पहिल्यांदा जे घडलं ते लिहिलं : समज एकीकडे आणि सराव दुसरीकडे ठेवला तो मी, माझ्या आठ पानांसाठी. सरांनी कच्चा मसुदा परत केला. 'निष्कर्ष वैयक्तिक वाटतो. दोन्ही सिद्धांतांचे गुणदोष लिहून समन्वय सुचवा.' त्यांनी समन्वय सुचवला. सतरा मिळाले. वर्गात सर्वांत जास्त.

सरावपाठ संपायच्या आदल्या दिवशी त्या मुद्दाम दुपारपर्यंत थांबल्या. पत्र्याच्या वर्गात शिक्षक हजेरीपटात मान घालून बसले होते. हळूबाई दारालगत, तिघींच्या बाकावर चौथी. त्या तिच्याजवळ उकिडव्या बसल्या. सोबत पट्ट्या आणल्या नव्हत्या, मुद्दाम.

"इथं कसं वाटतं?"

"बरं आहे."

"सांग बघू. एक अष्टमांश मोठा की एक नवमांश?"

हळूबाईनं खाली बघितलं नाही, कागद शोधला नाही, जीभही बाहेर काढली नाही. छोट्या बाईंच्या चेहऱ्याकडे बघितलं. आधी डोळ्यांकडे, मग ओठांकडे, तिथं काही लिहिलंय का ते शोधत. तिला हे कोणी शिकवलं नव्हतं. सहा बरोबर उत्तरांना काहीही मिळालं नव्हतं, आणि ज्याला काही मिळत नाही ते माणूस सोडून देतं. एवढं तर निबंधाच्या तिसऱ्याच पानावर होतं.

"तुला काय वाटतं?" छोट्या बाईंनी विचारलं. आवाज जमेल तितका सपाट ठेवला.

मुलगी मोठ्या माणसाला बरं वाटावं अशा समजूतदार स्वरात म्हणाली, "तुम्हाला कुठला हवाय, बाई?"