डब्यात गॉज आहे

दर सोमवारी पत्र्याची कपाटं बनवणाऱ्या शेडमधून प्रथमोपचाराच्या उघड्या डब्याचा फोटो यायचा, आणि हेड ऑफिसातल्या खिडकी नसलेल्या खोलीत बसून ती त्यातल्या वस्तूंची नावं संगणकावर चढवायची. नावं ठेवायची नाहीत, नावं लिहायची, असं साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. क्रेप बँडेज, गॉज म्हणजे जखमेवर ठेवायचं जाळीदार कापड, चिकटपट्टी, कापसाचे रोल. चारही नावं आली की कारखाना कागदावर सुरक्षित. माल घेणाऱ्या बड्या कंपनीला तेवढं पुरायचं.

ही नोकरी तिची, आणि त्या शेडमधली नोकरी तिच्या धाकट्या भावाची. तीही तिनेच साहेबांच्या विनवण्या करून मिळवून दिलेली.

एकदा तिने विचारलं होतं, "साहेब, गॉजचं पाकीट चपटं दिसतंय. आत काही आहे का?"

"बाई, तुम्हाला नाव विचारलंय, वजन नाही," साहेब म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर हसले. तिने निमूटपणे 'गॉज' लिहिलं. घर भाड्याचं होतं, तोंड मात्र स्वतःचं. ते तिने बंद ठेवलं.

त्या सोमवारी फोटो येऊन तासही झाला नसेल, तोच शेडमधल्या सुपरवायझरचा फोन.

"मॅडम, अपघात झालाय. नियमाप्रमाणे कळवतोय. पत्र्याची धार लागली मनगटाला. तुमच्या... तुमच्या भावाला."

मागून भावाचा आवाज आला, "ताईला सांगू नका म्हटलं ना! घाबरट आहे ती."

"रक्त?"

"थांबतच नाही."

"डबा उघडा!" फोटो तिच्यासमोर मोठा करून ठेवलेला होता. "डावीकडे गॉज आहे. दोन-तीन घड्या एकत्र धरा, थेट जखमेवर ठेवा आणि दाबून धरा. हात वर. भिजलं तर काढू नका, त्यावरच दुसरी घडी ठेवा. कापूस थेट लावू नका, त्याचे धागे जखमेत चिकटतात. मग वरून क्रेप बँडेज..."

पलीकडून डब्यातली नुसती खुडबुड ऐकू आली.

"ऐकताय ना? मधल्या कप्प्यात. कातडीच्या रंगाचं."

"मॅडम, गॉजचं पाकीट रिकामं आहे."

"आणि क्रेप?"

"वरचे दोन वेढे तेवढे खरे. आत पुठ्ठा गुंडाळलाय. चिकटपट्टीची नुसती डबी आहे. कापूस तर केव्हाच संपला, त्याच्या निळ्या कागदात रद्दी भरलीये." त्याचा आवाज रडवेला झाला. "मागणी पाठवत होतो हो! साहेब म्हणाले, फोटोपुरतं ठेव. मी ठेवलं. मलाही पोरंबाळं आहेत."

तिने त्याला शिव्या घालायला तोंड उघडलं. पण फोटोखाली चारही नावं तिनेच लिहिली होती.

"स्वच्छ कापड बघा. कुणाचा शर्ट, रुमाल, काहीही."

"सगळ्यांचे कपडे ग्रीसने माखलेत. मशीन पुसायचं फडकं आहे."

घाण फडकं नको म्हणावं, तर रक्त वाहून जाणार. हो म्हणावं, तर घाण जखमेत जाणार.

"दाबा," ती म्हणाली. "तेच दाबा. सोडू नका. आणि गाडी काढा."

फोन कट झाला. पडद्यावर डबा छान उघडा होता, सगळं कसं ओळीत मांडलेलं.

रक्त थांबलं, जीव वाचला. जखम शिवली, पण चार दिवसांत चिघळली. डॉक्टरांनी टाके उसवून पू काढला आणि बोटं वाकवणारे स्नायूंचे दोर आत चिकटायला लागलेत म्हणाले.

पुढच्या सोमवारी पुन्हा फोटो आला. तोच डबा, तीच मांडणी. तिने लिहिलं: पुठ्ठा, रिकामं पाकीट, रिकामी डबी, रद्दी. साहेबांनी तिच्या खांद्यावरून वाचलं, न रागावता कीबोर्ड स्वतःकडे ओढला आणि चारही नावं पूर्वीसारखी केली.

"भावाचं वाईट झालं," ते म्हणाले. "पण दुसरी नोकरी तुम्हाला कोण देणार? आणि त्याला तर आता..."

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. तिने पुरं करायला लावलंही नाही.

संध्याकाळी तिने स्वतः विकत आणलेलं गॉज भावाच्या जखमेवर ठेवलं, चिकटपट्टीने बसवलं, आणि तळव्यापासून कोपराकडे क्रेप बँडेज गुंडाळत नेलं. फार ताणलं नाही. बोटांची टोकं उघडी ठेवली.

भाऊ हात निरखत म्हणाला, "ताई, फोटो काढ की. ही पट्टी आतपर्यंत खरी आहे."

ती हसली नाही. तिने त्याची नखं एकेक दाबून सोडली. पांढरी पडलेली नखं लगेच गुलाबी झाली. पट्टी बरोबर बसली होती.

"आता बोटं वाकव," ती म्हणाली.

तीन वाकली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट सरळच राहिलं.