शेवटच्या रेघेवरचे चार ठिपके

आपल्या माणसाची प्लेट आपण वाचायची नाही, हा आमच्या लॅबमधला बाईंचा नियम. बाई म्हणजे आमच्या प्रमुख, आयुष्यभर जंतूंशी संसार केलेल्या. त्या सकाळी त्या यायच्या आधीच मी तो नियम मोडला. प्लेट माझ्या आईची होती.

आई दोन दिवस आमच्याच हॉस्पिटलच्या वॉर्डात होती. ताप, रक्ताचे जुलाब, वय बहात्तर. तिच्या शौचाचा नमुना आदल्या दिवशी प्लेटमधल्या मॅकॉन्की अगारवर, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीवर, रेघा ओढून पसरवला होता. या अगारात पित्तक्षार आणि जांभळा रंग असतो, म्हणून ग्राम-पॉझिटिव्ह नावाच्या गटातले बहुतेक जंतू त्यावर वाढतच नाहीत. वाढतात त्यांतले जे लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, आंबवतात, ते आम्ल सोडतात आणि त्यांची वसाहत, म्हणजे जंतूंचा वाढलेला ठिपका, गुलाबी होते. ज्यांना लॅक्टोज पचत नाही ते फिकट राहतात. आतड्यात एरवी सुखाने नांदणारे ई. कोलाय गुलाबी. जुलाबात आम्ही शोधतो ते फिकट.

इन्क्युबेटर उघडला. प्लेट गुलाबीच गुलाबी. माझा जीव भांड्यात पडला. वॉर्डातल्या डॉक्टरांना फोनवर सांगितलं, संशयास्पद काही नाही. ते म्हणाले, मग अकरा वाजता घरी सोडू. धाकट्या भावालाही कळवलं, तो लगेच गाडी आणायला गेला.

हात धुताना एकदम लक्षात आलं. मी पाहिलं होतं कुठे? पहिल्या रेघेवर. तिथे इतकी दाटी असते की शेजाऱ्याच्या आम्लाने फिकटसुद्धा गुलाबी दिसतो. वसाहती सुट्या होतात त्या शेवटच्या रेघेवर, आणि तिकडे मी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. नवशिक्यांना यावरूनच झापते मी.

प्लेट पुन्हा काढली, उजेडात तिरकी धरली. गुलाबी ठिपक्यांमध्ये चार फिकट, पाण्याच्या थेंबांसारखे. निरुपद्रवी असतील, रक्ताचे जुलाब करणारा शिगेलाही असेल. पुढच्या चाचण्यांशिवाय सांगता येणार नव्हतं. पण "काही नाही" हे खोटं होतं. घड्याळात अकराला दहा मिनिटं कमी. वॉर्डाचा फोन कोणी उचलेना. मी जिन्याने धावले. एवढी भीती मला कधी वाटली नव्हती.

भाऊ आईच्या पायात चप्पल घालत होता. डॉक्टर कागद भरत होते.

"सोडू नका," मी म्हणाले. "मघाशी मी चुकीचं वाचलं. फिकट वसाहती आहेत."

डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवला आणि सिस्टरला सलाईन पुन्हा लावायला सांगितलं. भाऊ दुसरी चप्पल हातात घेऊनच उठला.

"ताई, तू तर सगळं गुलाबी म्हणालीस."

"मला तेच बघायचं होतं, म्हणून तेच दिसलं," मी म्हणाले.

आईने उशीवर डोकं टेकलं आणि माझा थंडगार हात धरला. "आता तू बघितलंस ना नीट? मग मला कसली काळजी."

"नाही आई," मी म्हणाले. "आता बाई बघतील."