सदतीसनंतर चाळीस

जाफराबादेत जुनी कागदपत्रं स्कॅन करून देणाऱ्या एका केंद्रात शीतल सहा वर्षांपासून कामाला होती. तिथली रीत साधी आणि जाचक होती. एक गठ्ठा मशीनमधून काढायचा, त्यातल्या सगळ्या पानांची मिळून एकच टिफ फाइल करायची, मग ती फोडून प्रत्येक पानाची वेगळी फाइल करायची, आणि फाइलींचा आकडा कागदांशी ताडून पाहिल्याशिवाय गठ्ठा मालकाच्या हातात द्यायचा नाही. या नियमापायी शीतलनं भल्याभल्या ग्रामसेवकांना दारात ताटकळत ठेवलं होतं. स्वतःच्या बापाच्या कागदांना मात्र तिनं तो नियम लावला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

तिचे वडील कडूबा टेंभुर्णीचे पोस्टमन. रिटायर झाल्यावर ते लिहायला बसले. सुटे कागद दोन्ही बाजूंनी भरायचे, वर 'श्री' काढायचा, कोपऱ्यात पानाचा आकडा टाकायचा आणि सुतळीनं बांधून ठेवायचे. काय लिहितात ते कुणाला सांगितलं नाही. जाताना एवढंच म्हणाले, "हे माझ्यासंग पूर्णेत सोडा."

बाप गेल्याचं दुःख आणि बापाचं अक्षरही जाणार हे दुःख, शीतलला दोन्ही एकदम सोसवेना. दहाव्याच्या आदल्या दिवशी सुतळी सोडून तिनं सगळे कागद मशीनमध्ये घातले. स्क्रीनवर पहिलं पान उमटलं, 'श्री' दिसला, डोळे भरून आले. शेवटचा आकडा चौऱ्याण्णव होता एवढं ध्यानात राहिलं. दुसऱ्या दिवशी गठ्ठा अस्थींबरोबर पाण्यात गेला.

त्याला आता सात महिने झाले होते. ती फाइल तिनं फोनवर घेतली होती, पण फोनवर त्यातलं पहिलंच पान दिसे. एका फाइलीत अनेक पानं असतात हे बऱ्याच फोनांना कळतच नाही. तिची आई नंदाबाई रोज तेच पान बघत. त्यांना अक्षर येत नव्हतं, पण एसटीच्या पाटीनं आणि नोटांनी आकडे शिकवले होते. शेवटी एका रविवारी दुपारी त्या लेकीबरोबर जीपमध्ये बसून केंद्रावरच आल्या.

"सगळी पानं काढ," खुर्चीत बसत त्या म्हणाल्या. "मला सोमेश्वरचं ऐकायचंय."

सोमेश्वर म्हणजे शीतलचा भाऊ. आठ वर्षांपूर्वी आईच्या चष्म्याची काडी बसवायला तो मोटरसायकलवर जाफराबादला निघाला आणि वाटेत टिपरखाली आला. त्याला पाठवलं होतं नंदाबाईंनी. तेव्हापासून कडूबांनी पोराचं नाव काढलं नाही. बायकोला दोष दिला नाही, आणि तिचा दोष नाही असंही म्हणाले नाहीत. ते ताटावर बसत, ती वाढत असे. सात-साडेसात वर्षं एका घरात असं काढणं म्हणजे काय, हे ज्यानं काढलं त्यालाच ठाऊक.

"माय, कशाला उकरून काढून राह्यली?"

"त्यांच्या मनात काय व्हतं ते मला कळू दे. शिवी असली तरी चालंल."

शीतलनं टिफ उघडली. फोल्डर निवडला, नाव 'बाबा', आकडा तीन अंकी, म्हणजे नावांच्या क्रमात दहावं पान पहिल्याच्या शेजारी जाऊन बसत नाही. बटण दाबलं. बाबा-००१, बाबा-००२ अशा फाइली भराभर पडू लागल्या आणि ०९२ वर थांबल्या.

तिनं परत मोजलं. ब्याण्णवच.

कोरी पानं गाळायची खूण चुकून राहिली असेल म्हणून तिनं सेटिंग पाहिलं, ती बंद होती. ०९२ मध्ये बाबांचं चौऱ्याण्णवावं पान होतं. ०४६ उघडली, कोपऱ्यात अठ्ठेचाळीस. ०३० मध्ये तीसच. मग एकेक करत ती ०३७ वर आली. पान सदतीस. ०३८ उघडली, पान चाळीस.

तेव्हा तिला मशीनची शिटी आठवली. दोन कागद एकदम आले, असं मशीन ओरडलं होतं. तिनं कागद बाहेर काढून पाहिला, तर जरा जाड, पण एकच वाटला. फाटका कागद बाबांनी चिकटवला असेल, असं धरून तिनं 'पुढे' दाबलं होतं. बाहेरच्या दोन्ही बाजू आल्या, सदतीस आणि चाळीस. चिकटलेल्या दोन कागदांच्या पोटातली अडतीस आणि एकोणचाळीस तशीच पूर्णेत गेली.

"सापडलं का?" नंदाबाईंनी विचारलं.

शीतलनं सदतिसावं पान वाचायला घेतलं. "आज सोमेश्वरला जाऊन एक वर्ष झालं. नंदा दिवसभर जेवली नाही. त्या दिवशी तिनं त्याला चष्म्यासाठी पाठवलं नसतं, तर..."

पान तिथं संपलं होतं.

"तर?" नंदाबाई खुर्चीच्या कडेला आल्या होत्या. "वाच ना गं, जल्दी वाच."

शीतलनं पुढची फाइल लावली. चाळिसाव्या पानावर वरच लिहिलं होतं, 'संध्याकाळी दोघं जेवलो. भाजीत मीठ कमी होतं, तसंच खाल्लं.' ते तिनं वाचलं नाही. जन्मात आईशी खोटं न बोललेली ती पोरगी स्क्रीनकडं बघत म्हणाली, "तर मीच गेलो असतो अन् माझंच तसं झालं असतं. नंदाचा काही दोष नाही. असं लिवलंय, माय."

नंदाबाईंचा चेहरा आठ वर्षांत पहिल्यांदा सैल झाला. त्याच सुखात त्यांनी बोट पुढं केलं, "कुठं लिवलंय, मला दाखव. हात लावू दे." बोट कोपऱ्यात गेलं आणि थांबलं. मघाचा आकडा त्यांनी पाहिला होता.

"सदतीसनंतर चाळीस कसं गं?"

शीतलला रडू फुटलं. तिनं सगळं सांगितलं, शिटी, जाड कागद, न मोजता सोडलेला गठ्ठा, आणि आत्ताचं खोटं. "मी मोजायला पायजे व्हतं, माय. लोकांचं मोजते. घरचं न्हाई मोजलं. कागद चिकटलेले व्हते, मला कळलं न्हाई."

"चिकटलेले?"

"हो, कडंनं खळ वाळलेली व्हती. बाबांनीच चिकटवलं असंल."

नंदाबाईंनी बोट स्क्रीनवरून मागं घेतलं. बाहेर टेंभुर्णीचा जीपवाला प्रवाशांना हाका मारत होता. शीतलला वाटलं, आई आता रागावेल, आणि तिनं रागवावं अशी तिची इच्छाही होती.

"वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी," नंदाबाई म्हणाल्या, "ते चुलीपाशी आल्ते. म्हणले, थोडी खळ करून दे, कागद चिकटवायचाय. वर्षभरात माझ्याशी बोललेलं तेवढंच. मला लई बरं वाटलं. वाटीभर मैद्याची चांगली घट्ट खळ केली, गुठळी राहू दिली न्हाई. म्हणलं, त्यांचं काम चांगलं व्हावं."

त्यांनी पदर तोंडाशी धरला.

"मीच शिजवून दिल्ती गं, शीतल."