कापसाच्या गोदामातली कोर्टं

आमच्या गिरणीनं कापसासाठी नवं गोदाम बांधलं आणि जुनं रिकामं झालं. मॅनेजर कावसजी साहेबांच्या मनात आलं, की तिथं बॅडमिंटन खेळायची सोय करावी. तोवर आम्ही विणाई खात्यातली माणसं चाळीमागच्या पटांगणात दोरी बांधून खेळायचो. सोलापूरचा वारा तुम्हाला ठाऊक आहे. इकडून मारलेलं बॅडमिंटनचं फूल तिकडच्या कौलांवर जाऊन बसायचं. छपराखाली खेळायला मिळणार, म्हणून आम्ही फार आनंदात होतो.

आमच्यावर देखरेखीला जॉबर महिपती होता. हाताखालच्या सगळ्या मागवाल्यांना त्यानं सांगून टाकलं होतं, की दोन कोर्टं आपली. हेडक्लार्क शिवपुत्र यांनीच त्याला तसं सांगितलं होतं. एकूण सहा कोर्टं बसतात. दोन साहेब लोकांची, दोन ऑफिसची, दोन खात्याची. साहेबांनीही मान डोलावली होती.

सहाचा आकडा आला कुठून, तर गोदामाचा मुकादम संगप्पा याच्याकडून. संगप्पाची हयात कापसाच्या गाठी लावण्यात गेली होती. रिकामी जागा दाखवली, की तो नुसत्या नजरेनं गाठींचा हिशोब सांगायचा. गोदाम आतून शंभर फूट लांब, साठ फूट रुंद. कोर्ट चव्वेचाळीस फूट लांब, वीस फूट रुंद. शिवपुत्र यांनी विचारल्यावर संगप्पा म्हणाला, "रुंदीत तीन, लांबीत दोन. सहा. वर बारा फूट वाट राहते दारापाशी."

शिवपुत्र यांनी पाटीवर गुणून पाहिलं. बरोबर होतं. चुन्याच्या रेघा मारायचं कामही संगप्पालाच दिलं. त्यानं पहिली रेघ मागच्या भिंतीला चिकटून मारली आणि पुढं एकाला एक लावत आला. गोदामात असंच करतात. गाठीला गाठ भिडवायची, फट ठेवायची नाही, फक्त दारापाशी वाट सोडायची.

उद्‌घाटनाआधी रविवारी सगळ्यांनी एकदा खेळून बघायचं ठरलं. सहाही जाळ्या लागल्या. साहेबांकडं कमी पडली तिथं कारकून घालून चोवीस माणसं रॅकेटी घेऊन उभी राहिली. मी महिपतीच्या जोडीला होतो. आमचं कोर्ट भिंतीकडचं, शेजारी ऑफिसची मंडळी, पाठीमागं साहेब लोक.

पहिलंच फूल उंच आलं. मी मागं गेलो आणि माझी पाठ कोणाच्या तरी पाठीला लागली. वळून बघतो तर कताई मास्तर, सूतखात्याचे गोरे साहेब. ते बिचारे इंग्रजीत काहीतरी म्हणाले, मी रामराम केला. तेवढ्यात महिपतीनं बाजूचं फूल मारायला हात टाकला, तर रॅकेट भिंतीवर आपटली आणि बोटांची सालटी निघाली.

"आरं, भिंत कुटं मधी आली?" तो म्हणाला.

शेजारच्या कोर्टावरून एक कारकून ओरडला, "जॉबर, आमचं फूल द्या."

"ह्ये आमचं हाय की."

"तुमचं ते साहेबांच्या कोर्टात गेलं."

साहेबांच्या कोर्टात त्या वेळी तीन फुलं होती आणि कोणतं कोणाचं ते कोणालाच सांगता येत नव्हतं. रेघही एकच, दोघांची. त्यावर पडलेलं फूल माझ्या आत, की शेजाऱ्याच्या आत? दोघंही धावले आणि एकाची रॅकेट दुसऱ्याच्या कपाळावर बसली. तेव्हा कावसजी साहेबांनी हात वर केला. खेळ थांबला.

"शिवपुत्र, आ सूं छे? काय हे? हॉल आहे का बजार?" साहेब म्हणाले. "मागे पाच फूट पायजे, बाजूला चार. मागचे ज्याचे त्याला, बाजूचे दोघांत मिळून चालतील. नाही तर एक दिवस कोण तरी डोळा घालवेल."

शिवपुत्र यांचा चेहरा उतरला. ते टेप घेऊन जमिनीवरच बसले. महिपती बोटाला चिंधी गुंडाळत त्यांच्या बाजूला बसला.

"रुंदीचं बघू," शिवपुत्र म्हणाले. "तीन कोर्टांचे साठ फूट. भिंतीपासून चार, मधे चार, परत मधे चार, परत भिंतीपासून चार. सोळा झाले. शहात्तर. जागा साठ. तीन बसत नाहीत, दोन बसतील."

"मग दोन आन् दोन, चार," महिपती म्हणाला.

"थांबा हो. लांबीत पाच, चव्वेचाळीस, पाच. परत पाच, चव्वेचाळीस, पाच. एकशे आठ. जागा शंभर."

"आट फुटासाठी आडतंय व्हय?"

"आठ फुटांसाठीच अडतंय. लांबीत एकच बसतं." शिवपुत्र यांनी घाम पुसला. "म्हणजे एकूण दोन."

"सहाचं दोन? येवढी मोकळी जागा पडलीया की वो!"

महिपतीनं माझ्याकडं बघितलं. मलाही सगळी जागा मोकळीच दिसत होती.

शिवपुत्र यांनी पुठ्ठ्याचे तुकडे कापले, कागदावर गोदाम काढलं आणि तुकडे ठेवून बघू लागले. कसेही सरकवले तरी दोनच बसायचे. शेवटी कंटाळून त्यांनी एक तुकडा आडवा टाकला आणि त्याच्याकडंच बघत राहिले.

"आडवं लावलं तर? चव्वेचाळीस आणि दोन्हीकडं पाच, चौपन्न. रुंदी साठ. बसतं. आता वीस फूट लांबीच्या बाजूला आले. चार कोर्टांचे ऐंशी. मधल्या जागा तीन, भिंतीकडच्या दोन, अशा पाच. पाच चोक वीस." त्यांनी टेप खाली ठेवला. "शंभर. बरोबर शंभर."

"म्हंजे किती?"

"चार."

"आवो, मगाशी दोन म्हनला. त्याच्या आदी सहा."

"तेव्हा ती उभी होती, जॉबर."

संगप्पा बाजूला उभा राहून ऐकत होता. "मधली वाट आधी सांगायची की," तो म्हणाला. "मला गाठी सांगितल्या, मी गाठी लावल्या."

चार हा आकडा साहेबांना पसंत पडला. "बस. बे आमची, बे ऑफिसची," ते म्हणाले आणि टोपी घेऊन निघाले.

महिपती दारापाशीच्या वाटेत त्यांच्या आडवा उभा राहिला. तो भांडकुदळ माणूस नव्हता. चाळीत परत जाऊन लोकांना काय सांगायचं, एवढंच त्याला सुचत नव्हतं.

"साहेब, येका कोर्टावर मानसं किती?"

"चार."

"आन् साहेब लोक किती?"

कावसजींनी मनात मोजलं. "पाच."

"मग दुसऱ्या कोर्टावर येकच की वो. त्यो कुनासंगं खेळनार?"

कताई मास्तरांना शिवपुत्र यांनी इंग्रजीत सांगितलं, तेव्हा ते हसले. पाचवे तेच होते. कावसजी हसले नाहीत. टोपी डोक्यावर ठेवत ते म्हणाले, "ठीक. आमचं एक. ऑफिसची बे. खात्याला एक. पण माप मोडायचं नाही."

चाळीत सगळे वाट बघत होते. महिपती ओट्यावर बसला. त्याची बायको गोजाबाई पाणी घेऊन आली.

"मिळाली का दोनी?" कोणीतरी विचारलं.

"येक मिळालं."

"येक? आमी ऐंशी जनं हाय."

"सहा होती, पर ती चिकटून होती. मग दोन झाली. मग आडवी केली, तवा चार झाली."

"आडवी केल्यावर वाढली?"

"व्हय. न्हाय. जागा तेवढीच हाय." महिपतीनं ओट्यावर बोटानं चौकोन काढला, चिंधीमुळं तो वाकडा आला. "ह्या बाजूला पाच सोडायचं, ह्या बाजूला चार... का उलटं? बिरप्पा, तू सांग."

मी सांगायला गेलो. तीनदा सुरुवात केली आणि तिन्ही वेळा एकशे आठवर येऊन अडकलो. लोक एकमेकांकडं बघू लागले. एकजण म्हणाला, की ऑफिसवाल्यांनी आपल्याला फसवलं. दुसरा म्हणाला, की न्हाय, येक तर दिलं की. फसवलं का दिलं, ते महिपतीलाही नक्की सांगता येईना.

"लई झालं," गोजाबाई म्हणाली. "उद्या जाऊन खेळा, मग कळंल."

"उद्या पाळी सुटल्यावर पैले चार कोन?" महिपतीनं विचारलं.

ऐंशीच्या ऐंशी हात वर झाले.