चित्रातला सरळ बाण

चित्र मी काढलं. आधीच सांगून टाकतो, उगाच कुणाला शोधत बसायला नको.

आमच्या ऑफिसात शिरलं की डाव्या हाताच्या भिंतीवर ते अजून आहे. पाहुणे आले की साहेब त्यांना आधी तिथे उभं करतात. डावीकडे एक निळा चौकोन, त्यात लिहिलंय बिल्ड. कुणी कोडमध्ये बदल केला की तो बदल घेऊन सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती तिथे तयार होते. मग चार चौकोन एकाखाली एक: चार प्रकारच्या चाचण्या, चौघी एकाच वेळी पळतात. एक जरी लाल झाली तरी गाडी तिथेच थांबते. चारही हिरव्या झाल्या की ती आवृत्ती आपोआप चाचणीच्या सर्व्हरवर जाते आणि पुढे एक फाटक येतं. तिथे मशिनचं काही चालत नाही. माणसाने तपासायचं, पटलं तर बटण दाबायचं. मग शेवटचा चौकोन, डिप्लॉय, म्हणजे आवृत्ती थेट आमचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या दवाखान्यांत चालू. आणि या सगळ्यांतून जाणारा एक जाड काळा बाण, अगदी सरळ. तो बाण काढताना मी पट्टी वापरली होती, इतका शहाणा मी.

फाटकावर मॅडम बसायच्या. वय सत्तावन्न. ऑफिसात सगळे त्यांना चाळणी म्हणायचे, त्यांच्या तोंडावरसुद्धा, आणि त्या म्हणायच्या की खडे तुमचे, दोष चाळणीला. मशिनने हिरवा दिवा दाखवला म्हणून त्यांनी कधी बटण दाबलं नाही. जाड पुठ्ठ्याची वही काढायच्या, आणि पेशंटच्या, नर्सच्या, डॉक्टरच्या नावाने आत शिरून एकेक गोष्ट स्वतः करून बघायच्या. चार-चार तास. घाईत असलेले लोक मागे दात-ओठ खात बसायचे. मला त्या चित्रकार म्हणायच्या. ‘काय चित्रकार, आज बाण वाकडा तर नाही ना?’ असं रोज सकाळी विचारायच्या आणि मी रोज हसायचो.

आमचं सॉफ्टवेअर डायलिसिसच्या तारखा सांभाळतं. आठवड्यातून तीनदा यावं लागणाऱ्या माणसांना मोबाइलवर निरोप जातो, उद्या अमुक वाजता या. त्या बुधवारी दुपारी नवी आवृत्ती दवाखान्यांत गेली आणि काही जणांच्या तारखा एकेक दिवस पुढे सरकल्या. शुक्रवारी हे कळेपर्यंत अकरा माणसं चुकीच्या दिवशी येऊन गेली होती. एक आजोबा तर नऊ दिवस अतिदक्षता विभागात होते. वाचले, पण ती आमची पुण्याई नव्हे. आम्ही हाताने जुनी आवृत्ती परत चढवली आणि सोमवारी साहेबांनी सगळ्यांना खोलीत बोलावलं.

तोवर मला कळलं होतं. रविवारी घरी बसून मी सर्व्हरची नोंद काढली. मॅडमनी ज्या आवृत्तीला मंजुरी दिली तिचा क्रमांक वेगळा आणि दवाखान्यांत जी गेली तिचा वेगळा.

कारण माझी एक ओळ. शेवटच्या चौकोनाला मी सांगून ठेवलं होतं की ‘सगळ्यात नवी असेल ती घे’. ‘मंजूर झालेली तीच घे’ असं सांगायला हवं होतं. तीन वर्षांपूर्वी ती ओळ लिहिली तेव्हा आम्ही पाच जण होतो, दिवसातून एकदाच बदल व्हायचा, त्यामुळे सगळ्यात नवी आणि मंजूर झालेली एकच असायची. पुढे माणसं वाढली, दिवसाला दहा-दहा बदल व्हायला लागले. ओळ तशीच राहिली. त्या बुधवारी तीन वाजून पाच मिनिटांनी एका सहकाऱ्याने तारखांच्या हिशोबात बदल केला. तीन बाराला त्याची आवृत्ती बिल्ड झाली आणि सगळ्यात नवी ठरली. तिच्या चाचण्या अजून पळतच होत्या. तीन वीसला मॅडमनी सकाळपासून तपासलेल्या आवृत्तीसाठी बटण दाबलं, आणि डिप्लॉयने उचलली ती दुसरी, न तपासलेली. तीन चौतीसला त्या दुसरीची तारखांची चाचणी लाल झाली. म्हणजे चूक पकडली गेली होती, पण चौदा मिनिटं आधीच ती बाहेर पडली होती. सहकाऱ्याने लाल रंग बघून आपला बदल मागे घेतला आणि वडिलांच्या ऑपरेशनसाठी महिनाभराच्या रजेवर गेला. त्याच्या मनात शंका यायचं कारणच नव्हतं. चित्राप्रमाणे लाल झालेलं पुढे जातच नाही.

मी त्या नोंदींचा प्रिंट काढला आणि ड्रॉवरमध्ये ठेवला. सोमवारी सकाळी साहेबांना सांगायचं ठरवूनच गेलो होतो, शपथेवर सांगतो.

खोलीत साहेबांनी पडद्यावर माझंच चित्र लावलं. हातातला लाल ठिपका बाणावरून फिरवत नेला. बिल्ड, बरोबर. चार चाचण्या, चारही हिरव्या. मग ठिपका फाटकावर येऊन थांबला. इथून पुढे जे गेलं ते मॅडमनी सोडलं, असं ते म्हणाले. आवाज चढवला नाही, उलट जरा हळूच म्हणाले. मग माझ्याकडे वळले.

“चित्र बरोबर आहे ना?”

त्याच महिन्यात मला कायम करणार होते. कागद साहेबांच्या टेबलावर होता. बस, एवढंच कारण आहे, याहून मोठं काही नाही. मी म्हणालो, “हो.”

मॅडमनी मान वर केली नाही. त्या वही उघडून बसल्या होत्या आणि बुधवारच्या पानावर बोट ठेवून एकेक ओळ वाचत होत्या.

त्याच दुपारी मी ती ओळ दुरुस्त केली. गाजावाजा न करता. त्याबद्दल एकानेही विचारलं नाही. मूग गिळून बसायला काही कष्ट पडत नाहीत, पहिला दिवस काय तो जड जातो.

पण मॅडम काही गप्प बसणाऱ्या नव्हत्या. त्यांनी मंजूर केलेली आवृत्ती परत चाचणीच्या सर्व्हरवर चढवून घेतली आणि चूक शोधायला लागल्या. दिवसभर शोधायच्या. सापडणार कुठून, त्या आवृत्तीत ती नव्हतीच. तारखा सरळ यायच्या. पुन्हा पहिल्यापासून सुरू करायच्या. शेवटी दुसऱ्या आठवड्यात एकदा माझ्या टेबलाशी आल्या, हातात वही. म्हणाल्या, इथे माझीच खूण आहे, तारखा तपासल्याची, पण चूक तर बाहेर गेली, म्हणजे मी न बघताच खूण केली असणार. आणि मला तसं केल्याचं आठवत नाही. तू तर समोरच बसतोस, तू बघितलंस का मला तपासताना?

मी त्यांना तपासताना बघितलं होतं. त्या दिवशी त्यांनी डबासुद्धा उघडला नव्हता.

“तपासल्या असतील, मॅडम,” मी म्हणालो.

त्या ‘असतील’ला माझी जीभ झडायला हवी होती. त्यांच्या आईचं मला माहीत होतं. एकदा चहा घेताना त्यांनीच सांगितलं होतं. आई अठ्ठावन्नाव्या वर्षी विसरायला लागली, सुरुवात अशीच झाली, केलेलं आठवायचं नाही आणि न केलेलं केलं असं वाटायचं. शेवटची सहा वर्षं मुलीलाच ‘कोण गं तू’ विचारायची. आपलंही तसं होईल ही धास्ती त्यांना होती, आणि ती मी माझ्या एका शब्दाने खरी करून त्यांच्या हातात दिली.

त्यानंतर त्यांनी मला बाणाबद्दल विचारलं नाही. बटण दाबायच्या आधी दुसऱ्या कुणाला तरी बोलवायच्या, ‘जरा बघ रे, मला बरोबर दिसतंय, पण तू बघ.’ मग बटण दाबायचंच बंद केलं. महिना संपायच्या आत राजीनामा दिला. निरोपाला समोसे होते, साहेबांचं भाषण होतं. मी कायम झालो. आणि फाटकावर माझं नाव लागलं. मंजुरीचं पान उघडलं की चौकोनात आता मीच.

पहिल्या आठवड्यात मी सहा वेळा बटण दाबलं. सातव्या वेळी हात उचलेना. ड्रॉवरमधून प्रिंट काढला आणि दुपारीच मॅडमच्या घरी गेलो.

दार त्यांनीच उघडलं. स्वयंपाकघरात गॅसच्या वर कागद चिकटवलेला होता, बंद केला का, आणि खाली तारखांपुढे खुणा. डब्यांवर नावं. नात कुठे आहे असं विचारलं, कारण ती एरवी त्यांच्याकडेच असायची. म्हणाल्या, पाळणाघरात. मीच लेकीला सांगितलं, माझ्या भरवशावर पोर ठेवू नकोस, एखाद्या दिवशी औषध दोनदा पाजीन. डॉक्टरकडे जाऊन आल्या होत्या. डॉक्टरने सगळ्या तपासण्या करून काही नाही म्हणून सांगितलं होतं. माझ्याही खुणा सगळ्या बरोबरच होत्या की रे, असं त्या म्हणाल्या आणि कप पुढे केला.

मी सगळं सांगितलं. ती ओळ, तीन बारा, तीन वीस, तीन चौतीस. त्या ‘हो’बद्दलही सांगितलं, आणि ‘असतील’बद्दलही. रडलो, लाज नाही वाटली. प्रिंट त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि दोन क्रमांकांवर बोट ठेवून दाखवलं, हा तुमचा, हा बाहेर गेलेला. म्हटलं, मॅडम, तुमची चूक नव्हती. तुम्ही तपासलं होतं. तुमचं डोकं ठणठणीत आहे. उद्या हे घेऊन साहेबांकडे जातो, मग माझं काय व्हायचं ते होऊ दे.

मला वाटलं होतं चिडतील. चार शिव्या देतील, कप फेकून मारतील. मला ते हवंच होतं. त्यांनी चष्मा लावला आणि तो कागद वाचला. पहिल्या ओळीपासून, त्यांच्या सवयीने, बोट ठेवून. खालपर्यंत गेल्या, परत वर आल्या. पुन्हा वाचला. मग चष्मा काढला.

“वाचताना वाटतंय तू म्हणतोस तसंच आहे,” त्या म्हणाल्या. “ठेव इथे. संध्याकाळी मुलगी येईल, तिला वाचायला देते. मी वाचलेलं हल्ली मी खरं धरत नाही.”